प्रकल्प नोंदी: मालक गेले, सुपर अ‍ॅडमिन खातेही त्यांच्याबरोबर गेले

३ मार्च, सोमवार

सकाळी मॅडमचा फोन. नवीन मुलगी आजपासून रुजू झाली, तिचा मेलबॉक्स उघडायचा आहे, आणि ऑफिसात कोणालाच तो उघडता येत नाही. ऑफिस लहान आहे: एकूण ११ मेलबॉक्स, सगळे गूगल वर्कस्पेसवर, स्वतःच्या डोमेनवर. हे सगळे जुन्या सरांनी उभे केले होते. त्यांनी डिसेंबरात ऑफिस मॅडमना विकले आणि ते निघून गेले. विक्रीच्या कागदांत खुर्च्या, संगणक, ग्राहकांची यादी, सगळे आहे. बाकी सगळी खाती ज्यातून सांभाळली जातात त्या मेलच्या सुपर अ‍ॅडमिन खात्याचा उल्लेख कुठेच नाही.

दुपारी जागेवर गेलो. पोहोचण्याआधीच दोघांनी सरांच्या खात्यावर अंदाजाने पासवर्ड टाकून पाहिले होते. ते आधी थांबवले. चुकीचे प्रयत्न वाढले की यंत्रणा खात्याकडे संशयाने पाहू लागते, आणि मग खरा माणूस बरोबर पासवर्ड घेऊन आला तरी त्याला जास्त प्रश्न विचारते. आत्ता सगळ्यांचे मेल येत-जात आहेत, काहीही बंद पडलेले नाही. या कामात हीच सगळ्यात मोठी जमेची बाजू आहे आणि ती शेवटपर्यंत टिकवायची.

मग प्रत्येकाला आपापल्या खात्यातून `admin.google.com` उघडायला सांगितले. ज्याला काहीही अधिकार नाहीत त्याला ते पान आत घेत नाही. अकाउंट्स बघणाऱ्या ताईंचे मात्र उघडले! सगळ्यांचे चेहरे उजळले, पण मी भूमिका तपासली तर ती `Help Desk Admin` निघाली. या भूमिकेत साध्या वापरकर्त्यांचे पासवर्ड बदलता येतात. नवीन वापरकर्ता तयार करता येत नाही, आणि ज्याच्याकडे कोणतेही अ‍ॅडमिन अधिकार आहेत त्याला हात लावता येत नाही. सुपर अ‍ॅडमिनचा पासवर्ड फक्त दुसरा सुपर अ‍ॅडमिन बदलू शकतो, आणि इथे तो एकच आहे. तरीही ताईंचे खाते उपयोगाचे आहे. काम संपेपर्यंत कोणी आपला पासवर्ड विसरला तर तेवढे त्या सांभाळतील.

सरांच्या जुन्या टेबलावरचा संगणक अजून तिथेच आहे. ब्राउझरमध्ये त्यांचे खाते उघडे राहिले असेल, ते बघू का, असे एकाने विचारले. मी नको म्हटले. एक तर अ‍ॅडमिनची महत्त्वाची कामे करताना पासवर्ड पुन्हा विचारला जातो, त्यामुळे उघडे सत्र फार पुढे नेत नाही. पण त्याहून मोठी गोष्ट ही की त्या मेलबॉक्समध्ये त्या माणसाचा खाजगी पत्रव्यवहारही असणार. ऑफिस विकले म्हणून पत्रे विकली गेली नाहीत. जे करायचे ते सरांना कळवून, त्यांच्या लेखी संमतीने. मॅडमनाही हे लगेच पटले.

४ मार्च, मंगळवार

सरांशी बोलणे झाले. माणूस अगदी सहकार्याला तयार. पासवर्ड त्यांना आठवतो. मी फोनवर सांगायचा नाही अशी विनंती केली आणि त्यांना त्यांच्याच लॅपटॉपवर लॉगिन करायला लावले. पासवर्ड बरोबर ठरला, पुढच्या पायरीला अडकले: दुसऱ्या टप्प्याची पडताळणी.

कोड देणारे अ‍ॅप त्यांच्या जुन्या हँडसेटमध्ये होते. तो पुसून कोणाला तरी देऊन टाकला. दुसरा पर्याय एसएमएसचा, तो ऑफिसच्या जुन्या नंबरवर जातो, आणि तो नंबर जानेवारीत बंद केला. बॅकअप कोड? "ते काय असतात?" असे त्यांनी विचारले. दुसरा टप्पा चालू करून कोड न छापणारी इतकी माणसे मला भेटतात की मला याचे आता आश्चर्य वाटत नाही, वाईट मात्र दर वेळी वाटते. ते १० कोड छापून एका पाकिटात असते तर आजचा दिवस १० मिनिटांत संपला असता.

त्या बंद नंबरची मला जास्त धास्ती आहे. बंद केलेले नंबर काही काळाने दुसऱ्या ग्राहकाला दिले जातात. तसे झाले तर या ऑफिसच्या सर्वोच्च खात्याचे कोड एखाद्या अनोळखी माणसाच्या फोनवर पडतील. आत शिरलो की पहिल्या पाच मिनिटांत तो नंबर काढायचा, असे वहीत वर लिहून ठेवले.

सरांनी संध्याकाळी संमतीचा मेल पाठवला, त्यांच्या खाजगी पत्त्यावरून: सुपर अ‍ॅडमिनचे अधिकार मॅडमकडे द्यायला हरकत नाही, माझा मेलबॉक्स मात्र मी स्वतः बघेन. योग्य मागणी आहे. तसेच करायचे ठरले.

५ मार्च, बुधवार

आता उरतो एकच रस्ता: डोमेन आपल्या ताब्यात आहे हे डीएनएसमधून, म्हणजे डोमेनच्या सार्वजनिक नोंदींतून, सिद्ध करायचे. सेवा देणाऱ्याच्या दृष्टीने विक्रीचा करार, मॅडमचे ओळखपत्र, आमचे पत्र ही सगळी दुय्यम कागदपत्रे. जो डोमेनच्या नोंदीत एक ओळ घालू शकतो, तो डोमेनचा धनी.

म्हणून आजचा प्रश्न: ती ओळ घालायला हात कुठे पोहोचला पाहिजे? (खरे डोमेन इथे लिहीत नाही, त्याच्या जागी सगळीकडे `example.com` आणि `example.net` वापरतो.)

```
$ dig +short MX example.com
1 aspmx.l.google.com.
5 alt1.aspmx.l.google.com.
5 alt2.aspmx.l.google.com.
10 alt3.aspmx.l.google.com.
10 alt4.aspmx.l.google.com.
$ dig +short NS example.com
ns1.example.net.
ns2.example.net.
```

एमएक्स म्हणजे मेल कुठे पोहोचवायचा ते सांगणारा रेकॉर्ड. असे पाच आहेत, म्हणजे खाते जुन्या पद्धतीने जोडलेले. २०२३ पासून नवीन जोडणीला `smtp.google.com` हा एकच रेकॉर्ड पुरतो. जुने पाचही व्यवस्थित चालतात, त्यांना हात लावायचा नाही.

डोमेनच्या नोंदणीची माहिती दाखवणाऱ्या `whois` मध्ये दोन गोष्टी दिसल्या. डोमेनची मुदत २९ मार्चला संपते, म्हणजे हातात २४ दिवस. आणि डोमेन ज्याच्याकडून घेतले तो रजिस्ट्रार ओळखीचा, पण तिथल्या खात्याचा लॉगिन पत्ता सरांना विचारला तेव्हा ते म्हणाले, "अरे, तो तर माझा ऑफिसचाच मेल."

इथे मी थोडा वेळ पेन खाली ठेवून बसलो. मेल उघडायला डोमेन हवे. डोमेनचे खाते उघडायला रजिस्ट्रारचा पासवर्ड बदलण्याची लिंक हवी. ती लिंक जाणार त्याच मेलबॉक्समध्ये, जो कोणालाच उघडत नाही. वरून मुदत संपतेय, आणि मुदत संपल्याची पत्रेही तिकडेच जात असणार. सरांचे कार्ड ऑटो-रिन्यूला जोडलेले होते, ते त्यांनी ऑफिस विकल्यावर बदलले.

पण उत्तर वर `dig` ने दिलेल्या शेवटच्या दोन ओळींतच आहे. नेमसर्व्हर रजिस्ट्रारचे नाहीत, वेबसाइटच्या होस्टिंगचे आहेत. डोमेन कोणाकडून विकत घेतले आणि डोमेनच्या नोंदी कोण सांभाळतो, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि लहान ऑफिसांत त्या बऱ्याचदा वेगवेगळ्या घरी राहतात. वेबसाइट करणाऱ्याने कधीतरी नेमसर्व्हर आपल्या होस्टिंगकडे वळवून घेतले असणार. म्हणजे पडताळणीची ती ओळ, एका नावाला दुसऱ्या नावाकडे वळवणारा सीनेम रेकॉर्ड, घालायला रजिस्ट्रारचे खाते लागतच नाही, होस्टिंगच्या पॅनेलचा डीएनएस विभाग लागतो. आणि त्या पॅनेलची किल्ली वेबसाइटवाल्या दादाकडे आहे, जो अजून याच ऑफिसचे काम बघतो.

क्रम ठरला. आधी होस्टिंगमधून सीनेम, त्यावरून सुपर अ‍ॅडमिन. मग सुपर अ‍ॅडमिनकडून सरांच्या खात्याचा दुसरा टप्पा मोकळा. मग सर स्वतः आपला मेल उघडून रजिस्ट्रारची लिंक वापरतील, आणि मग डोमेनची मुदत वाढेल. उलट क्रमाने गेलो असतो तर रजिस्ट्रारशी कागदपत्रांची देवाणघेवाण करण्यात आठवडे गेले असते.

६ मार्च, गुरुवार

सकाळी `toolbox.googleapps.com/apps/recovery` वर अर्ज भरला. अडकलेल्या अ‍ॅडमिनचा पत्ता आणि संपर्कासाठी दुसरा पत्ता द्यावा लागतो. हा दुसरा पत्ता याच डोमेनवरचा देऊन चालणार नाही. मॅडमचा खाजगी पत्ता दिला, माझा मुद्दाम दिला नाही. मी उद्या नसलो तर काय, याच प्रश्नापासून तर हे काम सुरू झाले आहे.

अर्जाने एक आठ आकडी क्रमांक दिला. तो क्रमांक डोमेनच्या पुढे नाव म्हणून लावायचा आणि सीनेमने `google.com` कडे वळवायचा. (आकडा इथे बदलून लिहिलाय.) दादाला फोन केला, त्याने पाच मिनिटांत "झालं" म्हणून कळवले. मी तपासले:

```
$ dig +short CNAME 48213907.example.com
$
```

काहीच नाही. दहा मिनिटांनी पुन्हा, तरी काही नाही. दादा म्हणाला पसरायला वेळ लागतो, उद्यापर्यंत थांबू. हे "पसरायला वेळ लागतो" मला सहसा मान्य नसते. नवीन रेकॉर्ड घातला की तो मूळ नेमसर्व्हरवर काही सेकंदांत, फार तर काही मिनिटांत दिसायला हवा. म्हणून मधल्या कोणालाही न विचारता थेट त्यालाच विचारले, तिथेही नाही. मग शंका आली तशी नाव दुहेरी करून विचारले:

```
$ dig +short CNAME 48213907.example.com.example.com @ns1.example.net
google.com.
```

सापडले. दादाने नावाच्या रकान्यात पूर्ण `48213907.example.com` लिहिले होते, आणि ते पॅनेल डोमेनचे नाव आपण होऊन मागे जोडते. रकान्यात फक्त आकडा हवा. पॅनेल कुठल्या जातीचे आहे हे आधीच्या रेकॉर्डवरून कळते: यादीत `www` इतकेच दिसत असेल तर आपणही तेवढेच लिहायचे, `www.example.com` दिसत असेल तर पूर्ण लिहायचे. वळवण्याच्या जागीही अशीच फसगत होते, तिथे काही पॅनेलना `google.com` च्या शेवटी टिंब लागते, नाहीतर ते `google.com.example.com` करून ठेवतात. इथे ते ठीक होते.

दादाने दुरुस्त केले. मूळ नेमसर्व्हर लगेच बरोबर सांगू लागला. पण माझ्या मशीनवरून साधे विचारले तर अजूनही रिकामेच. हे मात्र माझ्याच घाईचे फळ. रेकॉर्ड नसताना मी विचारले होते, आणि "असे नाव नाही" हे उत्तरसुद्धा मधला सर्व्हर काही काळ लक्षात ठेवतो. किती काळ, ते डोमेनच्या एसओए रेकॉर्डमध्ये शेवटी असते:

```
$ dig +short SOA example.com
ns1.example.net. hostmaster.example.net. 2025030602 7200 3600 1209600 3600
```

शेवटचा आकडा ३६००, म्हणजे एक तास. तासाभराने आपोआप दिसू लागले. म्हणून आता नियम केलाय: रेकॉर्ड घातल्याची खात्री होईपर्यंत बाहेरच्या सर्व्हरला विचारायचेच नाही, आधी `@ns1` लावून घरच्यालाच विचारायचे. अर्जाच्या पानावर पडताळणीचे बटणही मूळ नेमसर्व्हरने होकार दिल्यावरच दाबले.

अजून एक लिहून ठेवतो, कारण मागे एका कामात यात दोन दिवस गेले होते. काही डीएनएस सेवा वेबसाइटच्या संरक्षणासाठी रेकॉर्डपुढे स्वतः उभ्या राहतात. तेव्हा सीनेम घातलेला पॅनेलमध्ये दिसतो, पण बाहेरच्याने विचारले तर सीनेमऐवजी त्या सेवेचेच आयपी पत्ते मिळतात. पडताळणी हटकून नापास होते. त्या एका रेकॉर्डपुरते ते संरक्षण बंद ठेवावे लागते.

७ मार्च, शुक्रवार

मॅडमच्या खाजगी पत्त्यावर उत्तर आले: डोमेनची पडताळणी झाली, आता काही प्रश्न. खाते साधारण कोणत्या महिन्यात सुरू झाले, सुरुवातीला संपर्काचा पत्ता कोणता दिला होता, अलीकडच्या बिलाचा क्रमांक. पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे सरांनी दिली. बिल ताईंच्या फायलीत छापील सापडले. त्यांची दर महिन्याला बिल छापून लावायची सवय मला आज फार मोलाची वाटली.

अटकळीने काही लिहायचे नाही असे मॅडमना सांगितले. महिना नक्की आठवत नसेल तर "या तिमाहीत" असे लिहावे. चुकीचे ठाम उत्तर संशय वाढवते.

दुपारी मॅडमना एक फोन आला म्हणे, "तुमचे मेल खाते परत मिळवून देतो, फोनवर आलेला कोड सांगा." कालपासून ऑफिसातल्या एकाने शोधून कुठल्यातरी मदत केंद्राला नंबर देऊन ठेवला होता. मॅडमनी फोन ठेवला, बरे झाले. खरी मदत करणारा कधीही पासवर्ड किंवा आलेला कोड विचारत नाही.

१० मार्च, सोमवार

अजून उत्तर नाही. दादाने एक सुचवले: गूगलचा नाद सोडा, एमएक्स होस्टिंगकडे वळवतो, तिथे ११ मेलबॉक्स आजच उघडून देतो. मॅडम आठवडाभराच्या दगदगीने कंटाळल्यात, त्यांना ते पटू लागले होते.

मी बसून समजावले. एमएक्स वळवला की नवीन मेल नव्या ठिकाणी पडेल, पण जुना सगळा मेल, सामायिक फायली, कॅलेंडर मागेच राहतील. बाकीचे १० जण आपापला मेल उतरवून घेऊ शकतील, सरांचा मेलबॉक्स मात्र कायमचा बंद राहील. आणि रजिस्ट्रारची लिंक? दादा सरांच्या पत्त्याचा मेलबॉक्स आपल्या सर्व्हरवर उघडेल आणि लिंक तिथे येईल. म्हणजे तांत्रिकदृष्ट्या जमेल, पण सरांच्या नावाने येणारे प्रत्येक पत्र त्या दिवसापासून दुसऱ्याच्या हातात पडेल, आणि आपण त्यांना दिलेला शब्द मोडेल. नवीन वर्कस्पेस उघडून तिथे हेच डोमेन जोडायचे म्हटले तर तेही होत नाही, डोमेन आधीच वापरात आहे म्हणून ते नाकारले जाते.

मॅडम म्हणाल्या, "शुक्रवारपर्यंत थांबते." मुदत संपायला १९ दिवस आहेत. मला ते पुरेसे वाटतात.

१२ मार्च, बुधवार

लिंक आली, दुपारी २ वाजून १० मिनिटांनी. मॅडम, मी, आणि स्क्रीनवर सर, तिघे होतो. पासवर्ड मॅडमनी स्वतः टाइप केला, मी पाठ फिरवून उभा होतो.

आत गेल्यावर जे जे केले ते केले त्याच क्रमाने लिहितो, कारण इथे घाई केली तर पुन्हा बाहेर पडायची पाळी येते.

सर्वात आधी तो बंद पडलेला नंबर काढला. मग मॅडमसाठी नवे सुपर अ‍ॅडमिन खाते तयार केले, त्यांच्या रोजच्या मेलपेक्षा वेगळे. रोजच्या मेलमध्ये फसवी लिंक उघडली जाऊ शकते, तो धोका सर्वोच्च खात्याला नको. तसेच दुसरे खाते ताईंसाठी. दोन्ही खात्यांना डोमेनबाहेरचा रिकव्हरी पत्ता दिला, प्रत्येकी दोन सिक्युरिटी की जोडल्या, आणि बॅकअप कोड छापले. छापताना लक्षात आले की ऑफिसचा प्रिंटर छापलेल्या गोष्टींची प्रत साठवतो. ती पुसली.

नंतर दोघींनी आपापल्या खात्यातून, वेगळ्या संगणकावर, खाजगी विंडोत लॉगिन करून दाखवले. दोघींना `admin.google.com` उघडले आणि वापरकर्त्यांची यादी दिसली, त्यानंतरच सरांच्या खात्यावरून सुपर अ‍ॅडमिनची भूमिका काढली. भूमिकेचे बदल बहुतेक वेळा काही मिनिटांत लागू होतात, पण एक दिवसही लागू शकतो, म्हणून नवी खाती चालतात हे डोळ्यांनी पाहिल्याशिवाय जुने उतरवायचे नाही.

अ‍ॅडमिन लॉग पाहिला, तो सहा महिन्यांचा मिळतो. डिसेंबरनंतर सरांच्या खात्यातून काहीही बदल झालेला नाही. मनावरचे ओझे उतरले.

सहा वाजता नवीन मुलीचा मेलबॉक्स उघडला. दहा दिवस ती ताईंच्या पत्त्यावरून ग्राहकांना लिहीत होती.

१३ मार्च, गुरुवार

आता मॅडमकडे सुपर अ‍ॅडमिन खाते आहे, त्यामुळे सरांचा दुसरा टप्पा आतून मोकळा करता येतो. मॅडमनी त्यांच्यासाठी बॅकअप कोड काढले. त्यातला एक मी त्यांना फोनवर वाचून दाखवला. त्यांच्या घरून, त्यांच्या लॅपटॉपवर, त्यांनी काल मॅडमनी ठेवलेला नवा पासवर्ड आणि तो कोड टाकला. मेल उघडला. "अडीच महिन्यांचे आठशे मेल आहेत," म्हणाले, आणि बराच वेळ गप्प बसून वर-खाली करत राहिले. मी मध्ये बोललो नाही.

मग रजिस्ट्रारच्या पानावर पासवर्ड बदलण्याची विनंती, लिंक मिनिटात आली. त्यांनी नवीन पासवर्ड ठेवला, लॉगिनचा पत्ता मॅडमच्या डोमेनबाहेरच्या पत्त्यावर बदलला, मॅडमनी आपले कार्ड जोडले आणि मुदत वाढवली. `whois` मध्ये नवी तारीख संध्याकाळी दिसली. १६ दिवस शिल्लक होते.

डोमेनच्या मालकाचे नाव अजून सरांचेच आहे. तेही बदलायचे आहे, पण नाव किंवा मालकाचा मेल बदलला की डोमेन दुसऱ्या रजिस्ट्रारकडे नेण्यावर ६० दिवसांची बंदी येऊ शकते. आम्हाला कुठे न्यायचे नाही, म्हणून अडत नाही. सरांना मंजुरीचा मेल गेलाय.

१४ मार्च, शुक्रवार

सरांच्या मेलबॉक्सची सेटिंग त्यांनीच स्क्रीन दाखवून उघडली, आम्ही दोघांनी मिळून बघितली. एक जुना फिल्टर निघाला: विषयात "बिल" असलेला प्रत्येक मेल त्यांच्या खाजगी पत्त्यावर पुढे जात होता. सात वर्षांपूर्वी प्रवासात सोय म्हणून लावला आणि विसरले. ऑफिस विकल्यावरही ग्राहकांची बिले त्यांच्याकडे जात होती. त्यांना खरेच ओशाळल्यासारखे झाले. फिल्टर काढला, त्या पत्त्यावर गेलेली डिसेंबरनंतरची पत्रे त्यांनी आमच्यासमोर पुसली. पुढे पाठवण्याचे नियम, दुसऱ्याला दिलेला मेलबॉक्सचा प्रवेश, आणि जोडलेली बाहेरची अ‍ॅप्स, या तीन जागा पासवर्ड बदलल्याने आपोआप साफ होतात असे धरून चालू नये. एकेक उघडून बघाव्या लागतात.

खाजगी पत्रे त्यांनी उतरवून घेतली. ऑफिसच्या फायलींची मालकी मॅडमच्या रोजच्या खात्याकडे दिली. खाते बंद करण्याची घाई नाही. तात्पुरते स्थगित केले तर त्या पत्त्यावर येणारा नवा मेल स्वीकारला जात नाही, आणि जुने ग्राहक अजून तिथेच लिहितात. पूर्ण काढून टाकले तर परत आणायला २० दिवसच मिळतात. सध्या दोघांच्या संमतीने खाते चालू आहे, त्यावर आपोआप जाणारे उत्तर लावलेय: आता या पत्त्यावर लिहा.

१७ मार्च, सोमवार

होस्टिंगच्या पॅनेलवर काम. ज्या आठ आकड्यांनी आम्हाला आत घेतले, ते आकडे दादाच्या पॅनेलची चोरी करणाऱ्यालाही आत घेऊ शकले असते. दादाचा पॅनेलचा पासवर्ड त्याच्या तीन ग्राहकांना एकच होता, दुसरा टप्पा नव्हता. हे बोलताना मला संकोच वाटला, कारण त्याच्यामुळेच काम झाले होते. त्याने मनावर घेतले. ऑफिसच्या नावाने वेगळे लॉगिन, दोघांनाही दुसरा टप्पा. सीनेम रेकॉर्डचे काम झाले होते, तो काढला. एमएक्स तसेच्या तसे.

वर्कस्पेसच्या बिलाचे कार्डही आज बदलले.

२८ मार्च, शुक्रवार

शेवटची भेट. बॅकअप कोडची दोन पाकिटे कपाटात आहेत, वर तारीख आणि सही. ताईंना म्हटले, तुमची सिक्युरिटी की घरी राहिली असे समजा आणि लॉगिन करून दाखवा. त्यांनी पाकीट फोडले, कोडचा कागद काढला, पहिला कोड टाकला, आत गेल्या, आणि त्या ओळीवर पेनने काट मारली. खाली लिहिले, "९ शिल्लक." नवे पाकीट घेऊन पुन्हा चिकटवले.